विश्लेषण : मे महिन्यातल्या स्लॅबला पहिल्याच दिवशी भेगा का पडतात? त्या टाळायच्या कशा?

पावसाळ्याआधी छत पडावे म्हणून विदर्भ, मराठवाडा आणि खान्देशात ऐन मे महिन्यात घरांचे स्लॅब टाकले जातात. सकाळी सातला मिक्सर सुरू होतो, दुपारी दोनला काम उरकते, आणि संध्याकाळी घरमालक वर चढून पाहतो तर ताज्या स्लॅबवर हात-दीड हात लांबीच्या तिरप्या भेगा उमटलेल्या असतात. ‘सिमेंट खराब निघाले’, ‘पाणी कमी मारले’ असे आरोप सुरू होतात. बहुतेक वेळा दोष सिमेंटचा नसतो आणि दुसऱ्या दिवशीच्या पाण्याचाही नसतो. या भेगांचा निकाल पहिल्या पाच-सहा तासांत लागतो. त्या तासांत नेमके काय घडते आणि घरमालक, मिस्त्री व ठेकेदार यांच्या हातात काय असते, याचा आढावा.

ताज्या काँक्रीटमध्ये नेमके काय घडते?

काँक्रीट ओतून, व्हायब्रेटर मारून सपाट केले की त्यातली खडी आणि सिमेंटचे कण स्वतःच्या वजनाने किंचित खाली बसतात आणि थोडे पाणी वर येते. पृष्ठभागावर पाण्याची जी चकाकी दिसते ती हीच. हे पाणी तासाला दर चौरस मीटरमागे साधारण अर्धा ते दीड किलो या वेगाने वर येते. त्याच वेळी ऊन आणि वारा ते पाणी उडवून नेत असतात.

जोपर्यंत खालून येणारे पाणी उडणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त आहे, तोपर्यंत पृष्ठभाग ओला राहतो आणि काही बिघडत नाही. उडण्याचा वेग पुढे गेला की चकाकी नाहीशी होते. मग सिमेंटच्या कणांमधल्या बारीक पोकळ्यांतले पाणी आत ओढले जाते आणि ते कणांना एकमेकांकडे खेचते. वरचा थर आकसू लागतो, पण खालचा थर अजून ओलाच असतो आणि आकसत नाही. काँक्रीटमध्ये त्या वेळी ताण सोसण्याची ताकद जवळजवळ नसते, म्हणून वरचा थर फाटतो. ही ‘प्लास्टिक श्रिंकेज’ भेग. इथे प्लास्टिक म्हणजे काँक्रीट अजून मऊ, आकार घेण्याजोगे असताना.

चिखलाचे तळे सुकताना त्याला ज्या भेगा पडतात त्यामागे हेच कारण असते. फरक एवढाच, की चिखलावर पाणी पडले की तो पुन्हा मऊ होतो. काँक्रीट घट्ट झाल्यावर त्यातली भेग पाण्याने बुजत नाही.

‘खूप उष्ण हवामान’ म्हणजे किती?

उष्ण हवामानातील काँक्रीटसाठी भारतीय मानक आयएस ७८६१ (भाग १) आहे. हवेचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर असताना केलेले काम ते उष्ण हवामानातील काम मानते, आणि ओतताना काँक्रीटचे स्वतःचे तापमानही ४० अंशांच्या वर जाऊ नये असे सांगते. पण भेगांच्या दृष्टीने एकटे तापमान पुरेसे नाही. पाणी किती वेगाने उडेल हे चार गोष्टींवर ठरते : हवेचे तापमान, हवेतील आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि काँक्रीटचे तापमान.

या चारांवरून बाष्पीभवनाचा वेग काढण्याचे एक सोपे सूत्र पॉल उनो यांनी १९९८ मध्ये मांडले आणि ते अभियंत्यांमध्ये प्रचलित आहे. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शनात तासाला दर चौरस मीटरमागे १ किलो ही धोक्याची रेषा म्हणून वापरली जाते. फ्लाय अॅश किंवा तत्सम बारीक पूड जास्त असलेल्या, कमी पाण्याच्या काँक्रीटमध्ये मुळातच पाणी कमी वर येते. अशा मिश्रणासाठी अर्ध्या किलोपासूनच सावध राहणे शहाणपणाचे.

सूत्रात आकडे घातले की एक अनपेक्षित गोष्ट दिसते. कोकणात दमट दिवशी हवा ३४ अंश, आर्द्रता ७० टक्के आणि वारा ताशी १० किलोमीटर असेल, तर ३५ अंशांच्या काँक्रीटमधून तासाला दर चौरस मीटरमागे अर्धा किलोच पाणी उडते. उलट मराठवाड्यात फेब्रुवारीतल्या एखाद्या दुपारी हवा केवळ ३० अंश, पण आर्द्रता २० टक्के आणि वारा ताशी २५ किलोमीटर असेल, तर ३२ अंशांच्या काँक्रीटमधून २ किलोहून अधिक पाणी उडते. म्हणजे घामाने अंग चिंब करणारा दिवस स्लॅबसाठी तुलनेने सुरक्षित असतो आणि कोरड्या वाऱ्याचा आल्हाददायक दिवस घातक ठरू शकतो. तापमान, आर्द्रता आणि वारा हे तिन्ही आकडे मोबाइलवरच्या हवामान अॅपमध्ये तासातासाचे मिळतात. स्लॅबची तारीख ठरवताना केवळ तापमान न पाहता हे तिन्ही पाहावेत.

एका घराचे गणित : दुपार आणि रात्र

चंद्रपूरजवळच्या गावात एक हजार चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटरचे छत टाकायचे आहे, असे समजू. जाडी पाच इंच. बीम सोडून स्लॅबचे काँक्रीट साडेअकरा घनमीटरच्या आसपास होते आणि एम-२० मिश्रणाला सिमेंटच्या नव्वदेक गोण्या लागतात. एका गोणीचा मिक्सर आणि लिफ्ट लावली तर हे काम सहा ते आठ तासांचे आहे.

दुपारी बारा वाजता हवा ४२ अंश, आर्द्रता १८ टक्के, वारा ताशी १५ किलोमीटर आणि काँक्रीट ३८ अंश धरले, तर बाष्पीभवनाचा वेग पावणेदोन किलो येतो. पूर्ण छताचा हिशेब केला तर तासाला १६० लिटरहून जास्त पाणी हवेत जाते. खालून तेवढे पाणी वर येणे शक्य नाही, म्हणजे भेगा जवळजवळ नक्की.

त्याच दिवशी रात्री आठ वाजता हवा ३६ अंश, आर्द्रता २८ टक्के आणि वारा ताशी ८ किलोमीटर झाला, आणि काँक्रीट ३३ अंशांवर ठेवता आले, तर हाच वेग पाऊण किलोवर येतो. छताचे मिळून तासाला ७० लिटर. धोका संपला असे नाही, पण तो आवाक्यात आला.

म्हणून विदर्भाच्या मे महिन्यात स्लॅब संध्याकाळी पाच-साडेपाचला सुरू करून मध्यरात्रीपर्यंत उरकणे हे पहाटे सुरू करण्यापेक्षा चांगले. पहाटे सुरू केलेल्या कामाचा शेवटचा भाग ऐन दुपारी ओतला जातो. शिवाय सिमेंट आणि पाण्याच्या रासायनिक क्रियेतून उष्णता निघते आणि ती पहिल्या अर्ध्या दिवसात सर्वांत जास्त असते. पहाटे ओतलेल्या स्लॅबची ही अंतर्गत उष्णता आणि दुपारचे ऊन एकत्र येतात. मग रात्री स्लॅब थंड होताना आणखी आकसतो. संध्याकाळी ओतलेल्या स्लॅबची उष्णता रात्रीच्या हवेत निघून जाते. रात्रीच्या कामाला दिव्यांची भरपूर सोय, जनरेटर आणि लिफ्टभोवती पक्का कठडा हवा. ही सोय नसेल तर रात्रीचे काम कामगारांच्या जिवावर बेतू शकते, हे विसरता येत नाही.

काँक्रीट मिसळतानाच थंड कसे ठेवायचे?

आयएस ४५६ मध्ये एम-२० च्या ठरावीक मिश्रणासाठी सिमेंटच्या एका गोणीमागे वाळू आणि खडी मिळून २५० किलो आणि पाणी जास्तीत जास्त ३० लिटर सांगितले आहे. एवढ्या मालात उष्णतेचा मोठा वाटा वाळू-खडीचा असतो, कारण तिचे वजन सर्वाधिक. पाण्याचे वजन कमी असले तरी एक किलो पाणी एक किलो खडीच्या साडेचार पट उष्णता धरते. त्यामुळे पाणी थंड केल्याचाही परिणाम मोठा होतो. सिमेंट गरम असल्याचा फरक या दोहोंच्या मानाने किरकोळ.

उन्हात पडलेली खडी-वाळू ४० अंश, सिमेंट ४० अंश आणि छतावरच्या टाकीतले पाणी ३४ अंश असेल, तर काँक्रीट ३८ अंशांवर तयार होते. आता दोन साधे बदल करून पाहू. खडी आणि वाळूच्या ढिगांवर दोन दिवस आधीपासून हिरवी शेडनेट किंवा ताडपत्रीचा मांडव बांधायचा आणि खडीवर पाणी शिंपडत राहायचे. शिंपडलेले पाणी उडताना खडीला थंड करते आणि ती ३४ अंशांपर्यंत आणता येते. दुसरे, टाकीऐवजी बोअरवेलचे २८ अंशांचे ताजे पाणी वापरायचे. काँक्रीट ३३ अंशांच्या खाली येते. बर्फाचा खडाही न आणता पाच अंशांचा फरक पडतो.

बर्फ वापरायचा तर हिशेब असा. खडीवर सावली न करता, गोणीमागच्या ३० लिटर पाण्यापैकी ५ किलो पाण्याऐवजी तेवढाच चुरा केलेला बर्फ घातला, तर काँक्रीट ३८ वरून ३२ अंशांवर येते. पण नव्वद गोण्यांना साडेचारशे किलो बर्फ लागतो. जे काम सावली आणि बोअरचे पाणी करते, तेच करायला एवढा बर्फ आणावा लागतो. मोठ्या पुलांच्या किंवा धरणांच्या कामात बर्फ अपरिहार्य असतो. घराच्या स्लॅबला आधी सावली करावी आणि तरीही कमी पडले तर बर्फाचा विचार करावा. बर्फाचे वजन पाण्याच्या हिशेबात धरायचे आणि मिक्सरमधून माल बाहेर येईपर्यंत तो पूर्ण वितळलेला असावा. न वितळलेला खडा नंतर काँक्रीटमध्ये पोकळी सोडतो.

पाणी शिंपडलेल्या मालाबाबत एक काळजी घ्यावी लागते. एका गोणीमागच्या साधारण ९० किलो वाळूत ५ टक्के ओल असेल, तर साडेचार लिटर पाणी तिच्यासोबतच मिक्सरमध्ये जाते. ते ३० लिटरमधून वजा केले नाही तर मिश्रण पातळ आणि दुबळे होते.

पाणी वाढवले तर काय बिघडते?

उन्हात काँक्रीट लवकर घट्ट होऊ लागते. घमेले उचलणाऱ्याला ते जड जाते, थापी चालत नाही, आणि कोणीतरी मिक्सरमध्ये आणखी एक बादली ओततो. भर उन्हातल्या कामातली ही सर्वांत महाग पडणारी सवय आहे. गोणीमागे २५ ऐवजी ३० लिटर पाणी गेले तर काँक्रीटची ताकद साधारण पाचव्या हिश्श्याच्या आसपास घटते. जास्तीचे पाणी पुढच्या महिन्यांत हळूहळू उडून जाते आणि तेवढा स्लॅब नंतरही जास्त आकसतो. म्हणजे आज काम सोपे झाले तरी उद्याच्या भेगांची तजवीज झालेली असते.

घट्टपणावरचा योग्य उपाय म्हणजे प्लास्टिसायझर, आणि घट्ट होण्याचा वेग मंद करणारा रिटार्डर. आयएस ९१०३ प्रमाणित रसायन, डब्यावर लिहिलेल्या मात्रेतच, मिश्रणाच्या पाण्यात मोजून घालायचे. अंदाजाने मात्रा वाढवली तर काँक्रीट रात्रभर मऊ राहू शकते आणि तेवढा वेळ ते वाऱ्याला उघडे पडते. कामाच्या दोन-तीन दिवस आधी एका गोणीचा माल करून पाहणे उत्तम.

तयार काँक्रीट म्हणजे आरएमसी मागवले असेल तर पावतीवरची प्लांटमध्ये माल भरल्याची वेळ पाहावी. आयएस ४९२६ नुसार भरल्यापासून दोन तासांच्या आत माल पोहोचवायचा असतो. रिटार्डर वापरलेला असेल तर जास्त मुदत आधी ठरवून घेता येते. गाडी रस्त्यात अडकली आणि माल घट्ट झाला, तर ड्रममध्ये पाणी सोडू न देणे ही घरमालकाची जबाबदारी. प्लांटच्या माणसाने ठरवून दिलेले प्लास्टिसायझर घालून ड्रम फिरवता येतो. तरीही माल नीट वाहत नसेल तर ती गाडी परत पाठवावी.

ओतण्यापूर्वी आणि ओतताना काय पाहावे?

दिवसभर उन्हात तापलेल्या लोखंडी सेंट्रिंग प्लेटा आणि सळया हाताला चटका देण्याइतक्या गरम असतात. त्यांवर पडलेले काँक्रीट खालूनही तापते. काम सुरू होण्याआधी प्लेटा आणि सळयांवर पाणी मारून त्या थंड कराव्यात, मात्र प्लेटांवर डबके राहू देऊ नये. साचलेले पाणी तळाच्या थरात मिसळते आणि नेमकी सळईभोवतीची जागा दुबळी करते.

स्लॅब एका टोकाकडून अरुंद पट्ट्यांनी पुढे न्यावा. आधीची पट्टी मऊ असतानाच नवी पट्टी तिला भिडली पाहिजे आणि व्हायब्रेटरची सुई दोन्हींच्या सांध्यात फिरली पाहिजे. उन्हात ही वेळ हिवाळ्याच्या मानाने बरीच कमी मिळते. जेवणाच्या सुट्टीत आधीची कड घट्ट झाली आणि तिला लागून नवा माल पडला, तर तिथे सांधा राहतो आणि पुढे पावसाळ्यात नेमके तिथूनच पाणी गळते. म्हणून सुट्टी आळीपाळीने द्यावी. मिक्सर बंद पडला तर काम कुठे थांबवायचे ती जागा आरसीसी डिझायनरकडून आधीच विचारून ठेवावी.

वाऱ्याचा बंदोबस्त हा स्वस्तातला सर्वांत परिणामकारक उपाय आहे. वर सांगितलेल्या दुपारच्या उदाहरणात काँक्रीट ३८ अंशांचेच ठेवून, स्लॅबच्या वाऱ्याकडच्या बाजूंना बांबूंवर पाच-सहा फूट उंच ताडपत्री किंवा दाट शेडनेट बांधली आणि वारा १५ वरून ५ किलोमीटरवर आला, तर बाष्पीभवन पावणेदोन किलोवरून सुमारे ०.८ किलोवर येते. म्हणजे निम्म्याहून जास्त घट. त्यासोबत काँक्रीट ३३ अंशांचे असेल तर वेग ०.६ किलोवर उतरतो. ऐन दुपारीच काम करण्याची वेळ आली तरी एवढ्याने धोक्याच्या रेषेखाली राहता येते. ताडपत्री वादळी वाऱ्यात उडून माणसांवर येणार नाही एवढी घट्ट बांधलेली हवी.

सपाट केल्यानंतरचे पहिले चार तास

बहुतेक ठिकाणी काँक्रीट सपाट झाले की माणसे जेवायला जातात आणि पाण्याचा विचार दुसऱ्या दिवशी सकाळी होतो. भेगा पडतात त्या याच मधल्या वेळेत.

ज्या पट्टीचे काम पूर्ण झाले तिच्यावर लगेच, म्हणजे चकाकी पूर्ण जाण्याआधी, प्लास्टिकचा कागद अंथरावा. पूर्ण स्लॅब संपण्याची वाट पाहू नये. कागदाच्या कडांवर लाकडी पट्ट्या ठेवाव्यात, नाहीतर खालून वारा शिरतो आणि कागद असून नसल्यासारखा होतो. कागद टाकल्याने पृष्ठभागावर सुरकुत्या उमटतात. छतावर नंतर कोबा येणार असेल तर त्याची चिंता नको.

रंधा मारणे बाकी असल्याने कागद टाकता येत नसेल, तर हवेत बारीक तुषार सोडावेत. शेतात वापरतात तसा पाठीवरचा फवारणी पंप याला चालतो, मात्र तो नवा हवा. औषध मारलेला पंप नको. तुषार पृष्ठभागाच्या वरच्या हवेत सोडायचे असतात. पाइपची धार ताज्या काँक्रीटवर सोडली तर सिमेंट धुऊन निघते. आणि तुषाराचे पाणी रंध्याने काँक्रीटमध्ये घोटायचे नाही. तसे केले तर वरचा थर दुबळा होतो आणि नंतर त्याची पापडी सुटते. वर आलेले पाणी शोषायला कोरडे सिमेंट भुरभुरवण्याची सवयही याच कारणाने सोडावी.

अंगठा जोराने दाबूनही ठसा उमटत नाही इतका पृष्ठभाग घट्ट झाला की कागद काढून भिजलेले गोणपाट अंथरावे आणि त्यावर पुन्हा कागद टाकावा. सकाळी सिमेंट-वाळूच्या मालाची आळी करून त्यात पाणी साठवता येते. ९३ चौरस मीटरवर एक इंच पाणी उभे करायला सुमारे २,३०० लिटर लागते, आणि मे महिन्यात त्यातले बरेचसे रोज उडते. पाण्याची टंचाई असेल तिथे ओले गोणपाट आणि त्यावर कागद ही जोडी आळ्यांपेक्षा किती तरी कमी पाण्यात तेच काम करते. अट एवढीच, की गोणपाट एकदाही कोरडे पडता कामा नये. ओले-कोरडे-ओले या चक्रात स्लॅब फुगतो-आकसतो आणि नव्या भेगांना वाट मिळते. दुपारी तापलेल्या स्लॅबवर बर्फाळ किंवा फार थंड पाणीही सोडू नये. पाणी काँक्रीटपेक्षा दहा-अकरा अंशांहून जास्त थंड असेल तर वरचा थर एकदम आकसतो.

हे किती दिवस करायचे? आयएस ४५६ नुसार कोरड्या आणि उष्ण हवेत किमान १० दिवस. हल्ली बाजारात मिळणारे बरेचसे सिमेंट पीपीसी, म्हणजे फ्लाय अॅशमिश्रित असते. त्यासाठी १४ दिवसांची शिफारस आहे. गोणीवर सिमेंटचा प्रकार छापलेला असतो, तो पाहून दिवस ठरवावेत.

भेग दिसलीच तर ती कोणती, हे कसे ओळखायचे?

भेग कधी दिसली, हा पहिला प्रश्न. ओतल्यापासून काही तासांत दिसलेल्या, तिरप्या किंवा एकमेकींना साधारण समांतर, एक ते तीन फूट अंतराने पडलेल्या आणि बहुधा स्लॅबच्या कडेपर्यंत न पोहोचणाऱ्या भेगा या लवकर सुकल्याच्या भेगा असतात.

भेगा सळयांच्या बरोबर वरून, सळयांच्याच जाळीच्या आकारात धावत असतील तर कारण वेगळे आहे. तिथे काँक्रीट खाली बसले आणि सळईने त्याला अडवले. व्हायब्रेटर नीट न फिरणे, मिश्रण पातळ असणे किंवा सळईवरचे आवरण कमी असणे ही त्याची कारणे.

काही आठवड्यांनी वा महिन्यांनी दिसणाऱ्या भेगा सावकाश सुकण्याच्या, तापमान बदलाच्या किंवा भाराच्या असू शकतात. स्लॅबच्या खालच्या बाजूला मध्यभागी किंवा वरच्या बाजूला बीमच्या कडेने भेग दिसली आणि ती वाढत असेल, तर मिस्त्रीवर न सोपवता स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवावी.

लवकर सुकल्याच्या भेगा काँक्रीट मऊ असतानाच लक्षात आल्या तर त्या बुजवता येतात. भेगेच्या दोन्ही बाजूंनी लाकडी थापीने ठोकून काँक्रीट पुन्हा एकजीव करायचे, रंधा फिरवायचा आणि लगेच कागद टाकायचा. यासाठी स्लॅब सपाट झाल्यावर दर अर्ध्या तासाने बॅटरी घेऊन एक फेरी मारणारा माणूस नेमलेला हवा. ही संधी तास-दोन तासांचीच असते. काँक्रीट घट्ट झाल्यावर सिमेंटची पातळ लापशी फासली तर भेग दिसेनाशी होते, पण बंद होत नाही. ती आरपार गेली आहे का हे पाहायला त्या जागी छोटे आळे करून पाणी साठवावे आणि खालून ओल येते का पाहावे. ओल येत असेल तर कोबा टाकण्याआधी भेग पातळ इपॉक्सीने भरून घ्यावी. सळईपर्यंत पाणी पोहोचत राहिले तर काही वर्षांनी गंज फुगतो आणि छताचा गिलावा पोपडे धरून खाली पडू लागतो.

कामाच्या दिवशी हाताशी काय हवे?

स्लॅब टाकण्याच्या आदल्या दिवशी घरमालकाने पुढील गोष्टी तपासल्या तर बहुतेक धोका टळतो :

• संध्याकाळपासून पहाटेपर्यंतचा वारा, आर्द्रता आणि तापमान अॅपवर पाहिले आहे. ताशी २० किलोमीटरच्या पुढचा कोरडा वारा सांगितला असेल तर दिवस पुढे ढकलावा.

• खडी-वाळूवर दोन दिवस सावली आहे आणि पाण्याची टाकी झाकलेली आहे.

• गोणीमागे किती पाणी घालायचे ते ठरले आहे आणि ते मोजण्यासाठी खूण केलेली बादली मिक्सरपाशी आहे.

• वाऱ्याच्या बाजूला आडोसा बांधला आहे.

• पूर्ण स्लॅब झाकेल एवढा प्लास्टिकचा कागद आणि गोणपाट वर चढवून ठेवले आहे, खाली गोदामात नाही.

• रात्री फेरी मारणारा आणि कागद सरकवणारा माणूस नेमला आहे.

यातली एकच गोष्ट करणे शक्य असेल तर कागदाची निवड करावी. काँक्रीट सपाट होताच अंथरलेला कागद वारा, ऊन आणि कोरडी हवा या तिघांनाही एकाच वेळी अडवतो. दुसऱ्या दिवशी ओतलेले टँकरभर पाणी स्लॅबची ताकद वाढवेल, पण आदल्या संध्याकाळी पडलेली भेग ते मिटवू शकणार नाही.